मधला कॉलम १० मिमी बसला तर बीममध्ये नेमकं काय होतं? तीन सपोर्टच्या बीमचं गणित, हाताने

मागच्या पावसाळ्यानंतर सांगलीत एक इमारत बघायला गेलो होतो, खाली दुकान वर घर, समोरून तीन कॉलम आणि त्यावर सलग एक बीम, पाच-पाच मीटरचे दोन गाळे. मालक काका म्हणाले, "बघा की साहेब, भिंतीला चिरा पडल्यात, प्लास्टर खराब होतं काय की." चिरा बघितल्या तर दोन्ही गाळ्यांतल्या भिंतीत तिरक्या, आणि दोन्हीकडून मधल्या कॉलमकडे वर चढत जाणाऱ्या, म्हणजे कौलारू छपरासारखा आकार. हे प्लास्टरचं काम नव्हे, मधला कॉलम खाली बसलाय. मागे जुना शोषखड्डा होता, संडासाची लाईन गळत होती आणि खाली सगळी काळी माती. साताऱ्यात डोंगराच्या अंगाला मुरूम लवकर लागतो, इथं नदीकाठी तसं नाही.

काकांचा पुढचा प्रश्न बरोबर होता, "बीमला धोका आहे का?" तेच गणित इथं सविस्तर मांडतोय. सॉफ्टवेअर काही सेकंदात उत्तर देतं, पण सपोर्ट सेटलमेंटमध्ये सॉफ्टवेअरचं उत्तर बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा बरंच मोठं येतं, आणि ते का येतं हे हाताने केल्याशिवाय कळत नाही.

आधी हे पक्कं करा की किती बसला

इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. बीमला एकूण किती बसलं याच्याशी देणंघेणं नसतं, तिन्ही कॉलम २० मिमी सारखे खाली गेले तर बीममध्ये एक पैशाचाही जादा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, येत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत कललं तरी येत नाही, म्हणजे पहिला ०, मधला ५, तिसरा १० मिमी असं झालं तर बीम नुसता तिरका होतो, वाकत नाही. दोन्ही गाळे सारखे असतील तर मोजायचं ते एवढंच की दोन टोकांच्या सरासरीपेक्षा मधला किती खाली आहे.

आम्ही लेव्हल पाईप लावली. पाण्याची साधी पारदर्शक नळी, मिस्त्री लोक वापरतात तीच, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. एका टोकाला ३ मिमी, मध्ये १४ आणि दुसऱ्या टोकाला ५ मिमी खाली असं आलं. टोकांची सरासरी ४, म्हणून कामाचा आकडा १४ वजा ४, म्हणजे १० मिमी.

पण थांबा, हा आकडा म्हणजे सेटलमेंट असं लगेच धरू नका. बीम भरताना सेंट्रिंगच खाली बसलेलं असू शकतं, आपल्याकडे १० मिमीचा फरक त्यातूनच सहज येतो आणि तसा मुळात वाकडा भरलेला बीम ताणाखाली नसतो. म्हणून इमारत बांधल्यावर कोरलेली एखादी रेघ शोधा. इथं पहिल्या मजल्याची स्कर्टिंग टाईल चार वर्षांपूर्वी नळी लावून बसवलेली, ती आता मधल्या कॉलमपाशी ९-१० मिमी खाली होती, म्हणून आकड्यावर विश्वास ठेवला. असं काही मिळालं नाही तर चिरेवर काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवा, तारीख लिहा, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. काळ्या मातीत पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा मोजा, कारण ती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे एकाच वेळेच्या मापावर निकाल देऊ नये.

आता गणित: मधला कॉलम काढून टाका

डोक्यात धरायला सोपा मार्ग सांगतो. क्लॅपेरॉनचं १८५७ चं थ्री मोमेंट इक्वेशन सगळ्यांना पाठ असतं, पण सेटलमेंटच्या टर्मचं चिन्ह कुठल्या बाजूला हे परीक्षेनंतर कुणालाच आठवत नाही, मलाही नाही. म्हणून मी मधला सपोर्ट काढून टाकतो.

माहिती अशी: बीम २३० बाय ४५० चा, एम २५ काँक्रीट, प्रत्येक गाळा ५ मीटर, बीमवर स्लॅब, भिंत, स्वतःचं वजन धरून २४ केएन प्रति मीटर. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे काँक्रीटचा ताठपणा सांगणारा ई म्हणजे पाच हजार गुणिले वर्गमूळ २५, म्हणजे २५,००० एमपीए. सेक्शनच्या आकारामुळे येणारा ताठपणा सांगणारा आय येतो १.७४७ गुणिले दहाचा नववा घात मिमीचा चौथा घात. गुणाकार करून ईआय ४३,६६० केएन-मीटर वर्ग. युनिट इथंच नीट करून घ्या. एकदा मी ई न्यूटनमध्ये आणि भार केएनमध्ये ठेवला होता आणि हजारपट चुकलो होतो, बाहेर बोललो नाही कुणाला.

पहिली पायरी. मधला कॉलम नाही असं समजा, मग हा १० मीटरचा साधा बीम झाला आणि मध्यभागी तो किती खाली येईल? नेहमीचं सूत्र, पाच गुणिले भार गुणिले लांबीचा चौथा घात भागिले ३८४ ईआय. उत्तर ७१.६ मिमी.

दुसरी पायरी. मधोमध वरच्या दिशेनं १ केएन जोर लावला तर बीम किती वर येतो? लांबीचा घन भागिले ४८ ईआय, म्हणजे ०.४७७ मिमी.

तिसरी पायरी, हीच खरी गंमत. कॉलम बसलेलाच नसेल तर त्यानं बीमला पूर्ण ७१.६ मिमी वर ढकलून सरळ केलंय, म्हणून त्यावरचा भार ७१.६ भागिले ०.४७७, म्हणजे १५० केएन. कॉलम १० मिमी बसला तर त्याला फक्त ६१.६ मिमी ढकलावं लागतं, म्हणून भार १२९ केएन. बाकीचे २१ केएन दोन टोकांच्या कॉलमवर अर्धे अर्धे गेले, तिथं ४५ होते ते आता ५५.५ झाले. आणि समजा मधला पूर्ण ७१.६ मिमी बसला तर तो नुसता उभा, काहीच उचलत नाही.

चौथी पायरी. टोकाची रिॲक्शन मिळाली की मोमेंट मिळाले. मधल्या कॉलमवर मोमेंट म्हणजे टोकाची रिॲक्शन गुणिले ५, वजा ३०० (२४ गुणिले ५ गुणिले २.५). न बसता ४५ गुणिले ५, वजा ३००, म्हणजे वजा ७५ केएन-मीटर, वजा म्हणजे हॉगिंग, वरची सळई ताणाखाली. १० मिमी बसल्यावर ५५.५ ला तेच करा, येतं वजा २२.५. म्हणजे मधल्या कॉलमवरचा मोमेंट एका झटक्यात ७५ वरून साडेबावीसवर. गाळ्यातला सॅगिंग मोमेंट, खालची सळई ताणणारा, म्हणजे टोकाच्या रिॲक्शनचा वर्ग भागिले दुप्पट भार, तो ४२.२ वरून ६४ वर गेला. दीडपट.

सगळ्याचं एका ओळीत सूत्र हवं असेल तर हे घ्या, दोन्ही गाळे सारखे आणि टोकं नुसती टेकलेली असतील तेव्हा:

```
M_B = -w*L^2/8 + 3*E*I*d/L^2
```

इथं w म्हणजे दर मीटरचा भार, L म्हणजे एका गाळ्याची लांबी, ५ मीटर, आणि d म्हणजे मधला किती जास्त बसला ते. आपल्या बीमला दर मिमीला ५.२४ केएन-मीटर येतो. टोकाचा कॉलम बसला तर उलटं होतं, मधल्या कॉलमवरचा हॉगिंग मोमेंट वाढतो, पण अर्ध्या वेगानं, दर मिमीला २.६२. म्हणजे टोक १० मिमी बसलं तर ७५ चे १०१ होतात आणि मधल्या कॉलमवर भार १५० चा साधारण १६० होतो. आणि काळी माती फुगून मधला कॉलम वर उचलला गेला तर पहिल्याच सूत्रात d वजा धरा.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट: बीम जाड केला तर वाईट होतं

सूत्रात दोन भाग आहेत. पहिला भारामुळे, त्यात ईआय नाहीच. दुसरा सेटलमेंटमुळे, आणि त्यात ईआय वरती आहे. भाराला तोंड द्यायचं तर आपण बीम खोल करतो आणि ते बरोबर आहे. पण सेटलमेंट म्हणजे भार नाही, ती जमिनीनं लादलेली वाकण आहे, बीम जेवढा ताठ तेवढा तो वाकायला जास्त विरोध करतो आणि तेवढाच मोमेंट स्वतःवर ओढून घेतो. आपल्या बीमची खोली ४५० ची ६०० केली तर दर मिमीला ५.२४ च्या जागी १२.४ केएन-मीटर. सेक्शन मॉड्युलस वाढतो हे धरूनही सेटलमेंटचा ताण तिसऱ्या हिश्श्यानं वाढतोच. जमीन बसणारी असेल तर बीम बारीक करा असं म्हणत नाहीये मी, पण ‘चार इंच वाढवून घेऊ, सेफ होईल’ हा मिस्त्रींचा आवडता उपाय इथं लागू पडत नाही एवढं ध्यानात ठेवा.

दुसरं असं की आयएस १९०४ मध्ये आरसीसी इमारतीला सुट्या फुटिंगसाठी लागून असलेल्या कॉलममधला फरक लांबीच्या ०.००१५ पट चालतो. ५ मीटरला ते झालं ७.५ मिमी. म्हणजे कोडनं परवानगी दिलेल्या सेटलमेंटमध्येच या बीमला ३९ केएन-मीटर फिरतात, मूळ ७५ च्या निम्म्याहून जास्त. चालतंय म्हणजे बीमला काहीच होत नाही असा त्याचा अर्थ नाही.

कुठं तडकतो ते सळईवरून कळतं

मोमेंटचा आकडा वाढला एवढ्यावर थांबू नका, तो कुठं वाढला ते बघा. सेटलमेंटचा मोमेंट त्रिकोणी असतो, टोकांवर शून्य आणि मधल्या कॉलमवर सगळ्यात जास्त. त्यामुळे गाळ्यात सॅगिंगचा भाग कॉलमच्या दिशेनं सरकतो. मूळ स्थितीत मोमेंट शून्य होतो तो मधल्या कॉलमपासून १.२५ मीटरवर, १० मिमी बसल्यावर तोच बिंदू कॉलमपासून जेमतेम ३८ सेंटिमीटरवर येतो.

आता जुन्या पद्धतीच्या बीमची आठवण करा. खालच्या सळयांपैकी निम्म्या क्रँक करून, म्हणजे तिरक्या वाकवून, वर न्यायच्या आणि क्रँक साधारण गाळ्याच्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे नेमकं त्याच १.२५ मीटरवर. ज्या जागी मोमेंट शून्य असतो म्हणून सळई वर नेली, तिथंच आता ३९ केएन-मीटर सॅगिंग बसलाय आणि खाली निम्म्याच सळया आहेत. म्हणून मधला कॉलम बसलेल्या बीममध्ये चीर गाळ्याच्या बरोबर मध्यावर शोधू नका, मध्यापासून कॉलमकडे सरकत बीमच्या बुडाला बघा. काकांच्या बीमला प्लास्टर काढल्यावर बारीक उभ्या चिरा कॉलमपासून साधारण मीटर-दीड मीटरवर, खालून वर जाणाऱ्या मिळाल्या. टोकांच्या कॉलमजवळ शिअर वाढलाय, तिथं रिंगा विरळ असतील तर तिरकी चीर येते, तेही बघा.

टोकाचा कॉलम बसलेला असेल तर मात्र चीर बीमच्या वरच्या बाजूला, मधल्या कॉलमवर येते आणि ती फरशीखाली झाकलेली असते. तिथं फरशीचा सांधा सरळ ओळीत उघडलाय का ते बघायचं. भिंतीतल्या चिरा अशा वेळी टोकाकडे चढत जातात.

आता ६४ हा आकडा खरा मानायचा का?

नाही. इथंच लोक घाबरतात किंवा उलट निर्धास्त होतात. खालची सळई ४२.२ ला दीडचा फॅक्टर लावून, म्हणजे साधारण ६३ केएन-मीटरला डिझाईन केलेली असेल आणि नुसत्या रोजच्या भारात ६४ आले तर बीम तुटायला हवा होता. तुटला नाही. कारण तीन आहेत.

पहिलं म्हणजे क्रीप, सततच्या ताणाखाली काँक्रीटचं हळूहळू सैल होणं. मातीतलं पाणी हळूहळू निघून कॉलम महिनोन्‌महिने बसत राहतो आणि तेवढ्या काळात काँक्रीट ताणाला सरावतं. आयएस ४५६ मध्ये काँक्रीट वर्षाचं झाल्यावर भार आला तर क्रीप कोएफिशंट १.१ दिलाय, २८ दिवसांचं असेल तर १.६. इमारत चार वर्षांची होती म्हणून १.१ धरा, ई भागिले २.१ होतो आणि दर मिमीला ५.२४ च्या जागी अडीच केएन-मीटर. १० मिमीला २५. मधला मोमेंट वजा ५०, गाळ्यातला ५२. हे ६३ च्या आत आहे. चिरा पडल्या पण पडझड नाही, हे चित्र डोळ्यांना दिसलं त्याच्याशी जुळतं.

दुसरं म्हणजे चीर पडल्यावर आय कमी होतो. या सेक्शनचा तडकण्याचा मोमेंट साधारण २७ केएन-मीटर, म्हणजे बीम आधीच तडकलेला आहे आणि आपण पूर्ण आय धरून मोजलंय. भूकंपासाठी आयएस १८९३ मध्ये बीमला पूर्ण आयच्या ३५ टक्के धरायला सांगितलंय, त्यावरून किती फरक पडतो याचा अंदाज येईल. तिसरं, बीम अंडर-रीइन्फोर्स्ड असेल आणि रिंगा नीट असतील तर सळई थोडी यील्ड होऊन मोमेंट दुसरीकडे वाटला जातो, शेवटचा कोसळण्याचा भार सेटलमेंटनं बदलत नाही. अट एवढीच की शिअर आधी फुटू नये आणि सळईचं अँकरेज सुटू नये, वर सांगितलेली क्रँकची जागा म्हणूनच नाजूक.

उलट बाजूही सांगतो. आपण टोकं नुसती टेकलेली धरली, पण आरसीसीत बीम कॉलममध्ये एकजीव भरलेला असतो. टोकं पूर्ण जखडलेली असती तर सूत्रातल्या ३ च्या जागी ६ येतात. खरी इमारत या दोन्हीच्या मधे कुठंतरी. वरच्या मजल्याचा बीमही तेवढाच वाकतो हे विसरू नका. मी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी असे दोन्ही आकडे काढतो, पूर्ण ई, ६ आणि क्रीपचा ई, ३, दोन्हीमध्ये बीम तगला तर निवांत झोपतो.

जॅक लावून वर उचलायचं का?

काकांच्या मेहुण्यांनी सुचवलं, "जॅक लावा, १० मिमी उचला, सगळं पहिल्यासारखं." ऐकायला बरं वाटतं. गणित करा.

बसायला महिने लागले, त्यात क्रीपनं मोमेंट निम्मा सैल केला, आज मधल्या कॉलमवर वजा ५० आहे. जॅक एका दुपारचं काम, तिथं क्रीपला वेळच नाही, पूर्ण ई लागतो. १० मिमी वर म्हणजे वजा ५२. बेरीज वजा १०२. मूळ ७५ पेक्षा सव्वापटीहून जास्त आणि वरच्या सळईची डिझाईन ताकद साधारण ११२, म्हणजे फॅक्टर जवळजवळ संपला आणि कॉलमच्या माथ्यावर नवीन चिरा. बीम पूर्ववत दिसेल, पण आतला मोमेंट पूर्ववत नसेल. तडकलेला बीम थोडा मऊ असल्यानं प्रत्यक्ष आकडा कमी येईल, तरी त्या भरवशावर मी नाही उचलत.

आम्ही केलं ते असं. आधी संडासाची लाईन बदलली, कारण पाणी चालू असताना फुटिंग दुरुस्त करण्याला अर्थ नाही. मग मधल्या कॉलमच्या दोन्ही बाजूंना बीमखाली लोखंडी प्रॉप लावून घट्ट केले, घट्ट म्हणजे फक्त टेकवले, उचलले नाहीत, प्रॉपचे पाय जाड फळीवर, नाहीतर तेच मातीत रुततात. फुटिंगभोवतीची माती एकदम न उकरता बाजूबाजूनं टप्प्यात उकरून, खाली घट्ट थर लागेपर्यंत जाऊन काँक्रीट भरलं. मिस्त्रींनी चारही बाजू एकदम मोकळ्या करायचा घाट घातला होता, तो थांबवला. प्रॉप काढायच्या आधी काँक्रीट पुरतं पिकू दिलं आणि काढताना लेव्हल पाईप लावून ठेवली होती. प्रॉप काढल्यावर १ मिमीच्या आत हालचाल, ती नव्या काँक्रीटखाली माती दबल्याची.

१० मिमी आम्ही तसेच ठेवले. बुडाच्या चिरांत इपॉक्सी भरलं, क्रँकच्या जागेवर खालून जादा सळया बसवून जॅकेटिंग केलं कारण तिथल्या निम्म्या सळयांवर माझा विश्वास नव्हता, आणि वरच्या मजल्यावर स्कर्टिंगपाशी फट बुजवली. भिंतीवरच्या काचेच्या पट्ट्या तिथंच आहेत, मी काकांना सांगितलंय की पुढच्या पावसाळ्यात एखादी फुटली तर आधी मला फोन करा, रंगवाल्याला नंतर.